प्रकल्प नोंदी: विहिरींच्या पाण्यातलं लोह, आणि अहवालाच्या आदल्या रात्रीचा एक आकडा

२४ फेब्रुवारी

आज स्टँडर्ड द्रावणं तयार केली. फेरस अमोनियम सल्फेट ०.७०२२ ग्रॅम तोलून एक लिटर केलं. त्यात लोह १०० मिलिग्रॅम प्रति लिटर येतं. ते दहापट पातळ केलं आणि त्यातलं १, २, ४, ६, ८ आणि १० मिली काढून प्रत्येकी ५० मिलीच्या फ्लास्कमध्ये भरलं. म्हणजे ०.२, ०.४, ०.८, १.२, १.६ आणि २.० मिग्रॅ प्रति लिटर. सातवा फ्लास्क ब्लँक, त्यात लोह नाही.

४ मिली काढताना पिपेटमध्ये बुडबुडा आला होता. ओतून दिलं आणि पुन्हा काढलं. नोंदवून ठेवते, पुढे उपयोगी पडेल की नाही कुणास ठाऊक.

३ मार्च

रीडिंगचा दिवस. पद्धत फिनँथ्रोलिनची. आधी हायड्रॉक्सिलअमीन घालून सगळं फेरिक लोह फेरसमध्ये आणायचं, मग बफर, मग फिनँथ्रोलिन. पंधरा मिनिटांत केशरी रंग चढतो आणि लोह जितकं जास्त तितका तो गडद होतो. ५१० नॅनोमीटरला तो रंग किती प्रकाश शोषतो हे यंत्र सांगतं. स्टँडर्ड आणि नमुने सगळ्यांना एकच माप, एकच क्रम, एकच वेळ. ब्लँकवर यंत्र शून्य केलं.

स्टँडर्ड सहा, ब्लँक एक आणि विहिरींचे नमुने आठ (न-१ ते न-८). प्रत्येकाची तीन रीडिंग, म्हणजे पंचेचाळीस. यंत्र जुनं आहे, आकडा पडद्यावर दाखवतं पण साठवत नाही. त्यामुळे वहीतला आकडा हाच पहिला आणि एकमेव पुरावा. मी वाचलं, पार्टनरने वहीत लिहिलं, शेजारी तिन्हींची सरासरी काढली. तिचं अक्षर छापल्यासारखं आहे, माझं असतं तर देवच राखता.

५ मार्च

स्प्रेडशीट भरली. या वेळी उलट: ती वहीतून वाचत होती आणि मी टाइप करत होते. वेळ वाचवायला फक्त सरासऱ्या घेतल्या, पंधरा आकडे. ती "पॉइंट एक अठ्ठावन्न", "पॉइंट दोन एकोणचाळीस" असं सांगत गेली. दहा मिनिटांत संपलं. मग चहा.

११ मार्च

आलेख काढला. आडव्या अक्षावर लोह, उभ्यावर ॲब्सॉर्बन्स. रेषेचं समीकरण:

```
y = 0.1974 x + 0.0053
R² = 0.996
```

R² म्हणजे बिंदू रेषेला किती धरून आहेत त्याचं माप, एकच्या जितकं जवळ तितकं चांगलं. ०.९९६ बघून दोघी खूश. नमुन्यांची तीव्रता काढली. पाण्याला गंजाची चव आणि कपड्यांना डाग ही लोहाची तक्रार साधारण ०.३ मिग्रॅ प्रति लिटरच्या वर सुरू होते, म्हणून तोच आकडा तुलनेला घेतला आहे. आठपैकी पाच नमुने त्याच्या खाली आले. न-५ काठावर पण खालीच, ०.२९. निष्कर्षाचं वाक्य लिहून टाकलं.

१४ मार्च, रात्री १०.४०

उद्या सकाळी दहाला अहवाल द्यायचा आहे. परिशिष्ट सोडून सगळं झालं. परिशिष्टात गणिताचं सूत्र द्यायचं म्हणून शीटमधल्या तीव्रतेच्या रकान्यावर क्लिक केलं, तर पार्टनरने सूत्राला `MAX(0, …)` गुंडाळलेलं दिसलं. म्हणजे उत्तर शून्याच्या खाली गेलं तर शून्यच दाखव.

हे छापायला बरं दिसणार नाही म्हणून MAX काढला. न-६ च्या पुढे जिथे ०.००० होतं तिथे −०.००७ आलं.

ऋण लोह! हसूच आलं आधी. न-६ जवळजवळ लोहविरहित असू शकतं हे मान्य, आणि रीडिंग थोडंफार खालीवर होतं म्हणून शून्याजवळचा नमुना कधी कधी ऋण जाऊ शकतो हेही मान्य. पण न-६ चं रीडिंग ०.००४ आहे. ब्लँक ०.०००. ज्या नमुन्याचा रंग ब्लँकपेक्षा गडद आहे त्यात ब्लँकपेक्षा कमी लोह कसं?

रात्री ११.०५

खोट नमुन्यात नाही, रेषेत आहे. ब्लँकवर यंत्र शून्य केलं होतं, तर लोह शून्य असताना रेषेनेही शून्याच्या आसपास जायला हवं. आपली रेषा तिथे ०.००५३ दाखवते. एकाच द्रावणाची तीन रीडिंग आपल्याकडे फार तर ०.००१ ने इकडेतिकडे होतात, त्यामुळे पाच हजारांश हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. ११ तारखेला समीकरणाचा हा दुसरा भाग मी वाचलाच नव्हता, नजर थेट R² वर गेली होती.

मग प्रत्येक बिंदू रेषेपासून किती दूर आहे ते काढलं. A रकान्यात तीव्रता, B मध्ये ॲब्सॉर्बन्स:

```
=B5-(SLOPE(B$2:B$8,A$2:A$8)*A5+INTERCEPT(B$2:B$8,A$2:A$8))
```

हजारांशात आलं ते असं. ब्लँक −५, मग −४, −३, मग ०.८ च्या स्टँडर्डला +२२, मग −३, −२, −४.

सात जणांच्या रांगेत सहा जण खाली मान घालून उभे आणि एकच ताठ. निव्वळ रीडिंगची चूकभूल असती तर काही अधिक, काही उणे असं विखुरलेलं दिसलं असतं. इथे एका बिंदूने अख्खी रेषा स्वतःकडे वर ओढून घेतली आहे आणि त्यामुळे बाकीचे सगळे रेषेखाली गेले आहेत. आलेखात हे दिसलं का नाही? कारण उभा अक्ष ०.४ पर्यंत जातो आणि त्यावर ०.०२२ म्हणजे ठिपक्याच्या जाडीहून जरासं जास्त. R² चंही तेच. ०.२ पासून २.० पर्यंत दहापट पसरलेले बिंदू असले की एक घसरला तरी तो आकडा ०.९९ च्या वर आरामात राहतो.

रात्री ११.२०

पार्टनरला फोन केला. झोपली होती.

"तो बिंदू उडवून टाक ना. सातातला एक गेला तर काय बिघडतं?"

"कारण काय लिहू?"

"लिही आउटलायर."

"आउटलायर हे कारण झालं का गं? ते नुसतं त्याचं वर्णन आहे."

ती गप्प. मग म्हणाली, "त्या दिवशी ४ मिलीला बुडबुडा आला होता, बघ."

बरोबर आहे तिचं, २४ फेब्रुवारीची माझीच नोंद आहे. हिशोब करून पाहिला. शीटमध्ये ०.८ च्या पुढे ०.१८५ आहे. बाकी सहा बिंदूंच्या रेषेवर एवढ्या ॲब्सॉर्बन्सला लोह साधारण ०.९३ लागतं, म्हणजे ४ मिलीऐवजी जवळपास ४.६५ मिली पडलं असायला हवं. बुडबुड्याने माप कमी भरतं, जास्त नाही. बुडबुडा निर्दोष.

क्युव्हेटवर, म्हणजे यंत्रात द्रावण ठेवायच्या पारदर्शक भांड्यावर, बोटाचा ठसा असेल तर ॲब्सॉर्बन्स वाढतो. तीच शक्यता उरली, नाहीतर आकडाच चुकला. ठसा असेल तर तीनपैकी एखादं रीडिंग वेगळं दिसेल. ते वहीतच कळेल, शीटमध्ये सरासरीशिवाय काही नाही.

वही माझ्याकडेच होती, पिशवीच्या तळाशी.

रात्री ११.३५

वहीत ०.८ समोर: ०.१५८, ०.१५७, ०.१५९. सरासरी ०.१५८. स्वच्छ अक्षरात, खाडाखोड नाही.

शीटमध्ये ०.१८५.

"पॉइंट एक अठ्ठावन्न." ऐकताना आधी आठ कानावर पडतो, मग पन्नास. बोटांनी ऐकल्या क्रमाने टाइप केलं, आठ आणि मग पाच. मराठीत दोन अंकी संख्या एककापासून बोलायची आणि दशकापासून लिहायची, आणि हे उलटसुलट आपण रोज इतक्या सहज करतो की कधी घसरलो ते कळतही नाही.

जमाखर्च लिहिणाऱ्यांची एक जुनी युक्ती आठवली. शेजारचे दोन अंक उलटे पडले तर चुकीच्या आणि बरोबर आकड्यातला फरक नेहमी ९ ने भागला जातो. १८५ वजा १५८ म्हणजे २७. जातो. अर्थात कुठलाही फरक नऊपैकी एकदा असाच योगायोगाने ९ ने भागला जाणार, म्हणून हा पुरावा नव्हे, खूण. पुरावा म्हणजे वहीतली तीन रीडिंग.

आकडा दुरुस्त केला. जुना पुसला नाही. शेजारी "आधीची नोंद" असा रकाना घालून त्यात ०.१८५, तारीख, "टाइप करताना अंक उलटे, वही पान १४" आणि सही म्हणून आद्याक्षरं. नवी रेषा:

```
y = 0.1981 x + 0.0009
R² > 0.9999
```

बिंदूंचं अंतर आता कुठेच दीड हजारांशापर्यंतही जात नाही, आणि काही अधिक, काही उणे. न-६ ०.०१६ वर आला. एवढ्या कमी लोहावर माझं यंत्र भरवशाचं नाही, पण निदान ऋण तरी नाही.

न-५ मात्र ०.२९ वरून ०.३१ वर गेला. निष्कर्षाचं वाक्य पडलं.

रात्री ११.५०

झोपायला निघाले होते. अहवालात फक्त तीन-चार आकडे बदलायचे होते.

मग वाटलं, स्टँडर्डची चूक मला का सापडली? कारण सात स्टँडर्ड एका रेषेवर असायला बांधील आहेत. एक घसरला की बाकीचे सहा चहाडी करतात. नमुन्यांवर असं कुठलंच बंधन नाही. न-४ मध्ये लोह किती असावं हे सांगणारं दुसरं कुणीच नाही. तिथे अंक उलटे पडले असतील तर ते कुठल्याही आलेखात दिसणार नाहीत.

आणि ज्या बोटांनी पंधरात एकदा गोंधळ घातला त्यांनी एकदाच घातला असेल, हे कशावरून?

पार्टनरला परत फोन. या वेळी तिने शिवी दिली आणि लॅपटॉप उघडला.

१५ मार्च, रात्री १२.१०

रीत ठरवली. या वेळी सरासऱ्या नाहीत, पंचेचाळीसच्या पंचेचाळीस रीडिंग नव्या पानावर भरायची आणि सरासरी शीटने काढायची. वही माझ्याकडे म्हणून मी वाचणार, ती भरणार. आकडे सुटे वाचायचे: "शून्य, पॉइंट, एक, पाच, आठ." अठ्ठावन्न हा शब्द काढायचा नाही. भरून झालं की तिने शीटमधून मला वाचून दाखवायचं आणि मी वहीत बोट ठेवून पडताळायचं, शेवटापासून सुरुवातीकडे. ओळखीच्या क्रमाने गेलं की डोळा पुढचा आकडा आधीच गृहीत धरतो.

दोनदा ती सवयीने "त्रेसष्ट" म्हणाली. दोन्ही वेळा थांबवलं.

रात्री १२.५०

न-४. वहीत ०.१४७, ०.१४६, ०.१४८. सरासरी ०.१४७. जुन्या पानावर ०.१७४.

सत्तेचाळीस. आधी सात, मग चाळीस. फरक पुन्हा २७.

थोडा वेळ दोघी काहीच बोललो नाही. मग तिने गणित घातलं. जुन्या रेषेने न-४ ०.८५ होता. मी अकरा पस्तीसला फक्त रेषा दुरुस्त केली तेव्हा तो ०.८७ झाला होता. खरा आकडा ०.७४. म्हणजे अर्धी दुरुस्ती करून मी या नमुन्याला खऱ्यापासून आणखी लांब नेलं होतं, आणि तेही समाधानाने.

"आणि मी म्हणाले तसं बिंदू उडवला असता तर?" तिने विचारलं.

तेही करून पाहिलं. गंमत अशी की ०.८ चा बिंदू नुसता काढून टाकला तरी रेषा जवळजवळ हीच येते. न-६ धन झाला असता, न-५ ०.३१ झाला असता, सगळं सुरळीत दिसलं असतं. वही पिशवीच्या तळाशीच राहिली असती आणि न-४ ०.८७ म्हणून छापला गेला असता.

बाकी एकोणचाळीस रीडिंगचं म्हणाल तर उरलेल्या तेरा सरासऱ्या बरोबर निघाल्या. एकदा तिने वहीत सरासरी शेवटच्या अंकात वर ढकलली होती, त्याने फरक पडत नाही.

रात्री १.३०

आता न-५ चं काय लिहायचं? ०.३१ म्हणजे "मर्यादेच्या वर" असं लिहून मोकळं होता येतं. कालपर्यंत "खाली" लिहिलं होतं तितक्याच आत्मविश्वासाने.

रेषेभोवती बिंदू किती विखुरले आहेत ते साधारण ०.००११ ॲब्सॉर्बन्स. ते लोहात बदललं, नमुन्याची तीन रीडिंग आणि सात स्टँडर्ड धरले, तर न-५ वर ९५ टक्के खात्रीची पट्टी अधिकउणे ०.०१ येते. म्हणजे ०.३० ते ०.३२. मर्यादा बरोबर पट्टीच्या काठावर. त्यात ज्या बाटलीत नमुना गोळा केला तिच्यातला फरक, विहिरीतल्या पाण्याचा दिवसागणिक फरक हे धरलेलंच नाही. तेव्हा वाक्य असं केलं: "चार नमुन्यांत लोह ०.३ च्या स्पष्ट खाली, तीन नमुन्यांत स्पष्ट वर, आणि न-५ मर्यादेवर. या मोजणीवरून तो वर की खाली हे सांगता येत नाही."

पार्टनरला हे वाक्य कचखाऊ वाटलं. मलाही थोडं वाटतं. पण ठेवलं.

बदललेले सगळे आकडे अहवालाच्या तक्त्यात, आलेखात आणि गोषवाऱ्यात तीन ठिकाणी आहेत. गोषवाऱ्यातले "पाच नमुने" मी जवळपास विसरलेच होते. "पाच" हा शब्द अक्षरात होता, त्यामुळे आकडा शोधून सापडला नाही. अख्खा अहवाल एकदा डोळ्यांनी वाचला तेव्हा दिसला.

न-३ सारख्या जास्त लोहाच्या नमुन्याला या सगळ्याचं फारसं काही वाटलं नाही. १.४० चा १.४१ झाला. रेषा सरसकट वर सरकली की दणका बसतो तो कमी लोहवाल्यांना.

पहाटे २.२०

परिशिष्टात पंचेचाळीस रीडिंगचा तक्ता, "आधीची नोंद" रकान्यासह. MAX शिवायचं सूत्र. पाठवण्यासाठी फाइल तयार.

१५ मार्च, दुपारी

सकाळी ९.४० ला अहवाल दिला. मॅडमनी तिथेच चाळला. परिशिष्टाशी थांबल्या, "आधीची नोंद" वर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे दोन कसे सापडले?"

पहिला सांगितला. ऋण लोह, मग रेषा, मग वही.

"आणि दुसरा?"

"दुसरा सापडला नाही मॅडम, पहिल्यामुळे सगळं पुन्हा वाचावं लागलं म्हणून भेटला."

त्यांनी विचारलं की न-५ ची बाटली अजून आहे का. आहे. गोळा करतानाच आम्ल घातलेलं असल्याने लोह तळाला बसलेलं किंवा काचेला चिकटलेलं नसावं. "मग काठावरच्या नमुन्याला काठाजवळचेच स्टँडर्ड लावा," म्हणाल्या. "दोनपर्यंतची रेषा ओढून तीन दशांशाचा निवाडा कशाला करता?"

हे मात्र आम्हाला सुचलं नव्हतं.

१९ मार्च

नवे स्टँडर्ड ०.२०, ०.२५, ०.३०, ०.३५ आणि ०.४०. न-५ पुन्हा, या वेळी पाच रीडिंग. आकडे सुटे वाचले, टाइप करतानाच पार्टनरने परत वाचून दाखवले.

०.३०.

पार्टनर म्हणाली, "शून्य, पॉइंट, तीन, शून्य. हे उलटं लिहिलंस तर शून्य पॉइंट शून्य तीन होईल, सांभाळून."